मदत हवी आहे: एक लिटर पाणी एकाच मेंब्रेनमधून जात नाही

सांगलीत कृष्णेच्या शुद्ध केलेल्या पाण्यात कोलिफॉर्म जिवाणू आहेत का ते तपासतोय. १०० मिली गाळलं तर एम-एंडो या जिवाणू वाढवायच्या माध्यमावर ३५ अंशाला २४ तासांनी एकही कॉलनी दिसत नाही, म्हणून एक लिटर घ्यायचं ठरवलं. पण पावसाळ्यात तुरटीचा बारीक गाळ उरतो आणि ०.४५ मायक्रॉनचं मेंब्रेन निम्म्यातच तुंबतं. गाळाच्या थरावर कॉलन्याही पसरून एकमेकींत मिसळतात, मग मोजणार काय?

आता २५० मिलीचे चार भाग चार मेंब्रेनवर गाळले. धातूसारखी चमक असलेल्या कॉलन्या ३, १, ० आणि २ आल्या. बेरीज ६, म्हणजे १०० मिलीला ०.६ धरायचं ना? की शून्यवालं मेंब्रेन संशयास्पद मानायचं? क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट बाटलीत आधीच असतं. आधी जाड प्रीफिल्टर लावावा म्हटलं, पण गाळाला चिकटलेले जिवाणू त्यातच अडकतील असं वाटतं. कुणी करून पाहिलंय का?