Re: रेफरलवाला इंटरव्ह्यू झाला, अनघाताई थँक्यू

सुहास (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी, आणि अनघाताई,

ताईंनी त्यांच्या कंपनीत रेफर केलं होतं, तो इंटरव्ह्यू काल दुपारी दीडला झाला, तिकडं सकाळचे दहा. ताई, आधी तुम्हाला थँक्यू. रेझ्युमे पुढं पाठवायच्या आधी तुम्ही मला 'एसजी आयर्न' ची ओळ तिसऱ्या पानावरनं वर घ्यायला लावलीत, आणि त्यांनी पहिला प्रश्न तिथूनच काढला.

क्वालिटीचा माणूस होता, जर्मन, पण इंग्रजी सावकाश बोलायचा. स्क्रीनवर एका हाऊसिंगचा फोटो, मशीनिंग झाल्यावर बोअरमध्ये बारीक होल उघडी पडलेली. हे काय? मी म्हटलं गॅस, कारण होल गोल आणि आतनं गुळगुळीत, चकचकीत होती. श्रिंकेज असतं तर आतनं खडबडीत दिसतं आणि ते जाड भागात येतं, इथं तसं नव्हतं. मग गॅस कुठनं आला म्हणाला. मी सँडचा ओलावा, कोअरचे व्हेंट असं नेहमीचं सांगितलं. त्यानं सँडचा रिपोर्ट दाखवला, ओलावा ३.४ टक्के, नॉर्मल. आता?

अर्धा मिनिट गेला असेल, मला तास वाटला. मग मी उलट विचारलं की रिजेक्शन कुठल्या शिफ्टला आणि कितव्या मोल्डला आहे. गडी हसला आणि दुसरी शीट उघडली. जवळजवळ सगळी होल सुट्टीनंतरच्या पहिल्या शिफ्टला, आणि तीही सुरुवातीच्या चार-पाच मोल्डमध्ये! तिथं माझी ट्यूब पेटली, कारण शिरोलीत फाउंड्रीत हे मी भोगलंय: आदल्या दिवशी मेटल ओतायच्या लेडलला अस्तर लावलेलं, बर्नरवाला उशिरा आलेला, लेडल बाहेरनं गरम पण अस्तर आत ओलंच. मी म्हटलं सँडला हात लावू नका, लेडल लाल होईपर्यंत तापवा, पहिलं मेटल मोल्डमध्ये न घालता पिगमध्ये ओता आणि आठवडाभर मोल्डचे नंबर ओतायच्या क्रमानं लिहा.

एका ठिकाणी मात्र गडबडलो. पिगिंगमध्ये वेळ गेला तर मॅग्नेशियमचं काय, असं विचारलं. उतरतं हे सांगितलं, पण टेस्ट पीस कधी घेता म्हटल्यावर बोललो, ट्रीटमेंट झाली की लगेच. "आणि शेवटच्या मोल्डचं कसं कळणार?" मी गप्प.

दिलीपकाका

व्वा भावा, नाद खुळा! पण होल म्हणजे सँड ओलीच रे, आम्ही उद्यमनगरात सँड मुठीत दाबून, मोडून बघायचो आणि सांगायचो, रिपोर्ट कोण बघतंय. अनघा, आता लोखंड तापलंय तोवर तुझ्या मॅनेजरला एक फोन टाक की.

वैशाली

अभिनंदन सुहास!! अनघा, माझा भाचा पुण्यात टेस्टिंगमध्ये आहे, सॉफ्टवेअरचं टेस्टिंग हं, त्याचा पण सीव्ही पाठवू का? क्वालिटीच म्हणायचं ना हे पण.

अनघा

काका, फोन नाही करणार. रेफरल फॉर्ममध्ये 'उमेदवाराला कसं ओळखता' असा रकाना होता, तिथे मी खरं तेच लिहिलंय: एकत्र काम केलेलं नाही, रेझ्युमे वाचला, तासभर बोलले, कास्टिंगचे दोष नीट समजावून सांगतो. आता मागे लागले तर त्या चार ओळींना पण कोणी किंमत देणार नाही, आणि पुढच्या वेळी मी कोणाला रेफर केलं तर नुसतं हसतील. सँड ओली असती तर होल दिवसभर कुठेही आली असती, फक्त पहिल्या मोल्डमध्येच का?

सुहास, आजच त्या माणसाला मेल कर. थँक्यूची एक ओळ, आणि खाली टेस्ट पीसचं दुरुस्त करून लिही: शेवटच्या मोल्डच्या वेळचं मेटल घ्यायचं, कारण मॅग्नेशियम सगळ्यात कमी तिथे असतं, तिथे ग्रॅफाइटचे गोळे नीट आले तर आधीच्या मोल्डची काळजी नाही. 'मी चुकलो' असं सरळ लिही, लांबण नको. फोटो, शीटचे स्क्रीनशॉट काढले असशील तर इथे टाकू नको, त्यांचं आहे ते.

वैशाली, ते क्वालिटी वेगळं गं. आमच्याकडे सॉफ्टवेअरचं काहीच नाही.

दिलीपकाका

बरं, फोन राहू दे. पण फोटो न बघता सांगतो, स्लॅग पण असू शकतो. लेडल थंड असली की तो पण पहिल्या मोल्डमध्येच जातो. होल कापून बघितलं का कुणी?

सुहास

काका, कापलेला फोटो त्यांनी दाखवला नाही, आणि मी पण मागितला नाही. हे डोक्यात यायला पाहिजे होतं.

मेल पाठवला ताई, सहा ओळी. एचआरवाली म्हणाली पुढच्या आठवड्यात कळवतो. इकडं आज सकाळी शेवटच्या मोल्डला टेस्ट पीस घेतला तर लॅबवाला विचारतोय, आजच काय झालं तुला?