आठळ्यांचं पांढरं साल

"उकडल्यावर फणसाच्या आठळ्यांचं पांढरं साल चिवट होतं, निघतच नाही. काय करू?"

ओल्या आठळ्या उकडल्या की असंच होतं. धुऊन दोन दिवस वाळवा, आमच्या जळगावच्या उन्हात एकच पुरे. साल कडक झालं की बत्त्याने हलकेच ठेचा, टरफल सुटतं. आतली तांबूस साल राहू द्या, ती खाता येते. मग मीठ घालून कुकरला तीन शिट्ट्या. सुरी सहज गेली की झाल्या. अर्ध्या करून काळ्या मसाल्याच्या रश्श्यात शेवटी दहा मिनिटं उकळा. आठळ्या पिठूळ, रस्सा आळतो, म्हणून पाणी जरा जास्तच ठेवा. भाजायच्या असतील तर आधी चीर पाडा. मी विसरले होते, तव्यावरून एक फटाक्यासारखी उडाली!