मदत हवी आहे: जाणकार म्हणतात खरं, लॅब म्हणते खोटं. कुणाचं ऐकू?

पेठकर_सुहास
आमच्याकडे चित्रकार धुरंधरांचं एक तैलचित्र आहे. खाली सही आणि १९१२ साल. भावाला विकायचंय, मला नकोय, पण तो वेगळा विषय. एका जाणकारांनी अर्धा तास पाहून सांगितलं की हात धुरंधरांचाच, शंका नको. गिऱ्हाइकाने मात्र आपल्या खर्चाने तपासणी करवली. रिपोर्टमध्ये एकच ओळ ठळक केलीय: टायटॅनियम सापडलं, १९१२ शी विसंगत. आता गिऱ्हाईक फोन उचलत नाही आणि जाणकार लॅबवर भडकलेत. कुणाचं खरं धरायचं? लवकर सांगा, शनिवारी भाऊ येतोय.

टेस्टट्यूब
यात विचारायचं काय आहे? टायटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग कारखान्यात बनायला लागला १९१६ च्या सुमारास, तोही नॉर्वे आणि अमेरिकेत. चित्रकारांच्या ट्यूबमध्ये यायला आणखी काही वर्षं. १९१२ ला मुंबईत कुठून येणार? जर्मनीतल्या बेल्ट्राकी या नकली चित्रं करणाऱ्याचं प्रकरण वाचा. त्याने केलेलं एक चित्र, काम्पेंडोंक या चित्रकाराचं १९१४ सालचं म्हणून, २००६ मध्ये २८ लाख युरोच्या वर गेलं. तेव्हाही जाणकारांना ते खरंच वाटलं होतं. पकडलं कशाने? टायटॅनियम व्हाइटने! तो एरवी रंग जपून निवडायचा, त्या वेळी झिंक व्हाइटची तयार ट्यूब वापरली आणि तिच्यात टायटॅनियम निघालं, ट्यूबवर उल्लेख नसलेलं. नजर फसते, मूलद्रव्य फसत नाही. शंकाच असेल तर कार्बन डेटिंग करून टाका.

जुनी_चौकट
टेस्टट्यूब, जरा दमाने. त्याच प्रकरणात चित्रांच्या मागची एका जुन्या संग्रहाची लेबलं बनावट आहेत हे एका कलेतिहासकाराच्या नजरेनेच ओळखलं होतं, हेही वाचा.

सुहास, मी पंचवीस वर्षं चित्रांची डागडुजी केली आहे. तुम्ही मुद्द्याचं काहीच लिहिलं नाहीत. तपासणी पिस्तुलासारखं यंत्र रोखून केली की रंगाचा कण काढून? चित्रात नेमकी कुठे? आणि चित्र आधी कधी दुरुस्त झालंय का?

पेठकर_सुहास
पिस्तुलासारखंच यंत्र. तीन ठिकाणी धरलं: पदर, आभाळ आणि खालचा कोपरा. टायटॅनियम आभाळात आणि कोपऱ्यात. दुरुस्ती वगैरे काही नाही, घरातच होतं कायम.

मालतीताई_कर्वेनगर
आमच्याकडे रविवर्म्याची लक्ष्मी आहे, सासूबाईंच्या माहेरची. ती पण अशी तपासता येईल का? खर्च किती येतो?

जुनी_चौकट
ताई, आधी दहा रुपयांचं भिंग घ्या आणि चेहऱ्यावर धरा. बारीक ठिपके दिसले तर ते छापील, म्हणजे ओलिओग्राफ. रविवर्म्यांचा छापखाना पुढे मळवलीलाच होता, त्यामुळे आपल्याकडे घरोघरी आहेत. लॅबची गरज नाही.

सुहास, घर कुठलं? नदीकाठचं का?

पेठकर_सुहास
नारायण पेठ. का?

जुनी_चौकट
पानशेत.

पेठकर_सुहास
अरे हो. १९६१ च्या पुरात वाड्यात पहिल्या मजल्यापर्यंत पाणी होतं. आईला विचारलं. म्हणे चित्र चिखलातून काढलं होतं आणि आजोबांनी एका पाट्या रंगवणाऱ्याकडून "नीट करून घेतलं". ही दुरुस्ती धरायची का?

ओंकारेश्वर_कट्टा
१२ जुलै! आम्ही तीन दिवस पर्वतीवर होतो. वडिलांची पुस्तकं गेली, हार्मोनियम मात्र आठवड्याने वाजली. आमच्या वाड्याचे फोटो आहेत, हवे असल्यास टाकतो.

जुनी_चौकट
टाका ना, पण वेगळ्या धाग्यावर.

सुहास, हीच ती गोष्ट जी पहिल्या ओळीत लिहायला हवी होती. १९६१ ला पांढरा रंग घ्यायला दुकानात गेलं की बहुधा टायटॅनियमच मिळायचा. ते यंत्र फक्त एवढं सांगतं की या जागी टायटॅनियम आहे. वरच्या थरात आहे की तळाशी, हे त्याला कळत नाही, कारण किरण सगळे थर ओलांडून जातात. त्यामुळे पाटीवाल्याने आभाळ रंगवलं असेल तर रिपोर्ट खरा आणि निष्कर्ष चुकीचा.

यातून बाहेर पडायची जागा म्हणजे प्रायमिंग. कॅनव्हासवर चित्राआधी जो पांढरा हात देतात तो. दुरुस्ती करणारा वरून काहीही फासेल, पण त्या थराखाली जाऊन प्रायमिंग बदलू शकत नाही. चौकट उलटी करा. कॅनव्हास लाकडावर दुमडून खिळे मारलेली जी कड असते, तिथे बहुधा नुसतं प्रायमिंगच दिसतं. यंत्र तिथे धरायला सांगा. तिथे शिसं किंवा झिंक मिळालं तर १९१२ शक्य आहे. टायटॅनियम मिळालं तर विषय संपला, जाणकार काहीही म्हणोत.

टेस्टट्यूब
आणि कार्बन डेटिंग?

जुनी_चौकट
कॅनव्हासचा तुकडा जाळावा लागतो. शिवाय १९१२ आणि १९३० मधला फरक त्याने कळत नाही. अणुचाचण्यांनंतरचं, म्हणजे १९५५ च्या पुढचं कापड असेल तर कळतं. तुमचं म्हणणं तेवढ्यापुरतं बरोबर.

मोडी_वाचक
मला जाणकारांचा राग समजतो. धुरंधरांची नऊवारीची चुणी, बसलेल्या बाईच्या पायाचा अंगठा, हे शंभर चित्रं पाहिलेल्यालाच दिसतं. यंत्राला अंगठा दिसत नाही.

जुनी_चौकट
मान्य. पण त्यांनी तुम्हाला कुठला अंगठा दाखवला का, सुहास? "हात त्यांचाच" हे मत झालं. कुठल्या खऱ्या चित्राशेजारी ठेवून, काय जुळलं, हे सांगितलं तर तो पुरावा. आणि उलटही लक्षात ठेवा: प्रायमिंगमध्ये टायटॅनियम नाही निघालं तर चित्र त्या काळचं *असू शकतं*, एवढंच. धुरंधरांनी जे. जे. मध्ये वर्षानुवर्षं शिकवलं. विद्यार्थ्याने तेच रंग, तोच कॅनव्हास वापरून गुरूची नक्कल केली असेल तर लॅब गप्प बसते. तिथे नजरच लागते.

तोवर घरी दोन गोष्टी करा. ३६५ नॅनोमीटरचा अतिनील टॉर्च घ्या, नोटा तपासायचा स्वस्त जांभळा नको. खोली पूर्ण अंधारी करा. जुन्या व्हार्निशवर नंतर लावलेला रंग काळपट डागासारखा उठून दिसतो. मात्र पाटीवाल्याने शेवटी सगळीकडे व्हार्निश फासलं असेल तर हिरवट धुकं दिसेल आणि खालचं झाकलं जाईल. दुसरं, भिंगाने सही बघा. रंगाला गेलेल्या भेगा सहीच्या अक्षरातूनही गेल्यात, की सहीचा रंग भेगेत उतरलाय?

श्रीमंत_लेखापाल
विक्रीआधी एक लक्षात घ्या. कला-निधी कायद्याखाली ज्यांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत त्या यादीत रविवर्मा, अमृता शेरगिल वगैरे आहेत, धुरंधर नाहीत. पण करपात्र नफा काढताना...

पेठकर_सुहास
काका, नफा नंतर. आधी चित्र.

पेठकर_सुहास
(दोन दिवसांनी) टॉर्च आणला. आभाळाचा डावा भाग आणि खालचा कोपरा काळेभोर. पदर, चेहरा, हात स्वच्छ. मोडी_वाचक, पायाचा अंगठा काळ्या भागात आहे, बहुधा पाटीवाल्याने काढलेला.

सही मात्र कोपऱ्यातच आहे. आणि भिंगातून पाहिलं तर 'ध' चा रंग भेगेत उतरलेला आहे.

मोडी_वाचक
अरेरे.

जुनी_चौकट
म्हणजे भेगा आधी, सही नंतर. खोटी असेलच असं नाही. पुसट झालेली सही पाटीवाल्याने गिरवली असेल. पुराआधीचा त्या भिंतीचा एखादा फोटो आहे का? लग्नाचा, मुंजीचा, मागे चित्र दिसणारा. आणि कडेची तपासणी करा.

पेठकर_सुहास
फोटोंची पेटीही पुरातच गेली. आत्याकडे डोंबिवलीला एक मुंजीचा फोटो आहे म्हणतात, रविवारी जातोय. कडेचं लॅबला विचारलं, परत यंत्र आणायचे पैसे आम्ही द्यायचे म्हणे. भावाला सहीचं अजून सांगितलेलं नाही.

मालतीताई_कर्वेनगर
ठिपके दिसले. पण लक्ष्मीच्या साडीला जर आणि टिकल्या चिकटवलेल्या आहेत, त्या तरी हाताने केलेल्या ना?