विषय: शनिवारचे भाषण आणि पेटीचा अर्धा मिनिट

प्रेषक: सुनंदा

सर्वांना सप्रेम नमस्कार.

शनिवारी सकाळी अकरा वाजता अमळनेरजवळच्या आमच्या शाळेत संगीताच्या सरांचा सेवापूर्तीचा कार्यक्रम आहे आणि विद्यार्थ्यांच्या वतीने माझा भाचा बोलणार आहे. त्याला चार मिनिटे दिली आहेत. त्याने लिहिलेले मी फोनवर घड्याळ लावून वाचून घेतले, तर नऊ मिनिटे लागली, आणि त्यांतील पहिली दीड मिनिटे व्यासपीठावरील मान्यवरांची नावे घेण्यातच गेली.

खरी अडचण मात्र वेगळी आहे. पाचवीत सरांनी त्याला पेटीच्या फक्त काळ्या पट्ट्यांवर, काळी तीनला सा धरून, भूप शिकवला होता. नववीत त्याचा आवाज फुटला, तेव्हा सरांनी त्याला समूहगीतातून काढले आणि तो घरी येऊन रडला. आठवड्याभराने सरांनी त्याला पेटीपुढे बसवले, सा काळी एकवर आणला आणि त्याच पाच काळ्या पट्ट्या वाजवायला सांगितल्या, तर दुर्गा वाजला. हे त्याला व्यासपीठावर वाजवून दाखवायचे आहे. मुख्याध्यापिका बाईंचे म्हणणे असे, की आभाराच्या भाषणात पेटी नको. भाषणातले काय काढावे आणि पेटी ठेवावी की नाही, हे कृपया शुक्रवारच्या आत कळवावे.

प्रेषक: वसंतकाका

सुनंदाताई, बाईंचे म्हणणे मला पटते. भाषण हे भाषण असावे आणि गाणे हे गाणे असावे. शिवाय भूप आणि दुर्गा हे दोन्ही राग रात्रीचे, ते सकाळी अकराला कसे वाजवणार? आणखी एक शंका अशी, की पट्ट्या त्याच असतील तर राग बदलेलच कसा? त्याच स्वरांचा सकाळचा राग देशकार आहे. सरांनी देशकार सांगितला असेल आणि मुलाच्या लक्षात दुर्गा राहिला असेल. तेवढे तपासून घ्यावे, म्हणजे सरांसमोर चूक व्हायला नको.

दुसरे असे, की तुम्ही पूर्वी पाठवलेल्या निमंत्रणपत्रिकेत ‘आदरांजली’ हा शब्द आहे. तो आपण गेलेल्या माणसासाठी वापरतो. सर आपल्यात आहेत, तेव्हा ‘कृतज्ञता’ हा शब्द योग्य होईल. गणेशोत्सवाच्या पत्रिकेच्या वेळीही मी हे लिहिले होते.

प्रेषक: शैलजाताई

शब्दाविषयी काकांशी मी पूर्ण सहमत आहे. रागाविषयी मात्र मुलाचे बरोबर आहे.

भूप आणि देशकार यांचे स्वर एकच आहेत, हे काकांचे म्हणणे खरे. त्या दोघांत सा हलत नाही. भूपात गंधारावर भर असतो आणि देशकारात धैवतावर. इथे सरांनी सा-च हलवला. काळी तीनला सा धरला की पुढच्या काळ्या पट्ट्या रे, ग, प, ध अशा येतात, म्हणजे भूप. सा काळी एकवर आणला की काळी दोन रे होते, आणि आतापर्यंत सा असलेली काळी तीन मध्यम होते. गंधार निघून जातो, मध्यम येतो, आणि सा, रे, म, प, ध हे दुर्गाचे स्वर मिळतात. घरात पेटी असेल त्यांनी डाव्या हाताने सा दाबून ठेवावा आणि उजव्या हाताने त्याच पाच पट्ट्या वाजवाव्यात. सा दाबलेला नसेल, तर कानाला फरक कळणार नाही, आणि व्यासपीठावर नेमकी हीच चूक होण्याची भीती आहे.

भाच्याने ‘राग बदलला’ असे म्हणू नये, ‘पट्ट्या त्याच’ एवढेच म्हणावे, कारण रागाला त्याचे चलनही लागते. दहा-दहा सेकंदांचे स्वर ही मैफल नव्हे, त्यामुळे सकाळच्या वेळेचा प्रश्न मला मोठा वाटत नाही.

पण त्याने स्वतः पेटीवर बसू नये. माईक उभ्या माणसासाठी लावलेला असतो. खाली बसल्यावर तो उंच राहतो आणि नीट करण्यातच अर्धा मिनिट जातो. पेटी वर्गमित्राने वाजवावी. काळी तीनचा भूप नुसता पेटीवर वाजू द्यावा, कारण तो आता त्याच्या आवाजाला चढणार नाही, आणि काळी एकचा दुर्गा त्याने उभ्यानेच गावा. सरांनी त्याच्यासाठी काय केले, ते तेवढ्यातच श्रोत्यांना ऐकू येईल. आधी मुलींचे स्वागतगीत असेल, तर तंबोऱ्याचे यंत्र बहुधा काळी चारला लावलेले असेल. ते आठवणीने बंद करायला सांगावे.

काय काढायचे, तर मान्यवरांची नावे काढून एक सामुदायिक संबोधन ठेवावे. स्पर्धा आणि बक्षिसांची यादीही काढावी, ती मानपत्रात असतेच. नववीचा प्रसंग तेवढा ठेवावा.

प्रेषक: प्रकाश

शैलजाताईंचे वाचून आमच्या नंदुरबारच्या शाळेतला निरोपसमारंभ आठवला. मी भाषण पाठ केले होते, पण सर पहिल्या रांगेत बसलेले दिसताच दुसऱ्या वाक्यानंतर काहीच आठवेना, आणि शेवटी नमस्कार करून खाली उतरलो. त्यामुळे मुलाने हातात कागद ठेवावा, असे मी कळकळीने सांगतो.

आपल्या मंडळातर्फे सरांना नवी पेटी द्यावी, असेही सुचवतो.

प्रेषक: मीना

प्रकाशभाऊ, मंडळाच्या निधीतून खर्च करायचा असेल, तर प्रस्ताव आधी सांस्कृतिक समितीकडे यावा, हे मागच्या सभेत ठरले आहे. सुनंदाताईंनी पेटी मागितलेली नाही, भाषणाविषयी विचारले आहे.

माझी हरकत दुसऱ्याच गोष्टीला आहे. ‘समूहगीतातून काढले’ हे वाक्य गावासमोर, सरांच्या कुटुंबासमोर, त्यांच्या शेवटच्या दिवशी म्हणू नये. पुढे ते कितीही चांगल्या अर्थाने वळवले, तरी पहिल्यांदा ऐकताना सरांना लागेल. माझे वडील शिक्षक होते. त्यांच्या निरोपाच्या वेळी एका विद्यार्थ्याने छडीची आठवण प्रेमाने सांगितली होती. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

प्रेषक: शैलजाताई

मीनाताई, तुमच्या वडिलांचे वाचून वाईट वाटले. तरीही छडी आणि हे सारखे नाही. आवाज फुटत असताना मुलाने जुन्याच पट्टीत ओढून गायले की घसा बसतो आणि सूर सुटतो. सरांनी त्याला थांबवले ते योग्यच केले. मी सव्वीस वर्षे धुळ्यात शिकवले आणि सुरुवातीच्या काळात दोन मुलांना असेच थांबवले, पण त्यांना परत बोलावून त्यांचा सा शोधून दिला नाही. त्यांनी गाणे सोडले. या सरांनी आठवड्याभरात बोलावले, आभार त्याचेच आहेत. थांबवल्याचे वगळले, तर परत बोलावल्याला अर्थ राहणार नाही.

प्रेषक: मीना

तुमचा अनुभव मी मान्य करते, पण ते सरांना आधी घरी जाऊन सांगावे आणि मग व्यासपीठावर बोलावे, असे माझे मत कायम आहे.

प्रेषक: सुनंदा

सर्वांचे मनापासून आभार.

भाच्याने भाषण निम्म्याहून कमी केले असून पेटीसह चार मिनिटे दहा सेकंद लागतात. बाईंनी पेटीला परवानगी दिली, मात्र ती आधीपासून व्यासपीठाच्या कडेला ठेवलेली असावी, अशी अट घातली. ‘काढले’ या शब्दाऐवजी त्याने ‘त्या वर्षी सरांनी मला समूहगीतात उभे केले नाही’ असे लिहिले आहे. मीनाताई, सरांना आधी भेटायला तो तयार नाही, त्यांनी हे पहिल्यांदा सर्वांसमोरच ऐकावे असे त्याला वाटते, आणि मी त्याला त्याहून अधिक आग्रह केला नाही. पत्रिका छापून झाल्या आहेत, पण फलकावर ‘कृतज्ञता सोहळा’ असे लिहिले जाईल.

शेवटचे वाक्य त्याला आमच्या अहिराणीत म्हणायचे आहे: ‘सर, तुमनामुये माले मना सा भेटना.’ शुक्रवारी दुपारी शाळेत तालीम आहे. काळी एकला सा दाबून ठेवायला विसरायचे नाही, हे त्याने वर्गमित्राच्या वहीवरच लिहून दिले आहे.