मोठं युनिट की छोटं: सरासरी नेमकी कुठे काढायची?

> काजू प्रक्रियेचं मोठं युनिट टाकावं की छोटं? निर्णयवृक्षात, म्हणजे पर्याय आणि शक्यता फांद्यांनी दाखवणाऱ्या झाडासारख्या आकृतीत, ‘विस्तार करणे’ आणि ‘न करणे’ यांची सरासरी धरली, तर मोठं जिंकतं. बरोबर का?

नाही, चूक त्या सरासरीतच आहे. शक्यतांनुसार सरासरी फक्त झाडातल्या गोलावर काढायची, कारण तिथे बाजार ठरवतो. चौकोनावर निर्णय तुमचा असतो, म्हणून तिथे मोठा आकडा ठेवायचा आणि दुसरी फांदी दोन रेघांनी छाटायची. हिशोब उजवीकडून डावीकडे करा. उदाहरणासाठी आकडे लाखांत धरू, आजच्या किमतीला आणलेले.

मोठं युनिट, खर्च 40. मागणी चांगली (0.6) तर 80, कमी (0.4) तर 20. गोलावर 48 + 8 = 56, निव्वळ 16.

छोटं युनिट, खर्च 15. मागणी कमी राहिली तर 18. चांगली निघाली तर चौकोन येतो: विस्तार केला तर 0.8 शक्यतेने 70 आणि 0.2 ने 40, म्हणजे 64. त्यातून विस्ताराचे 20 वजा, उरले 44. विस्तार नाही केला तर 35. चौकोनावर 44 लिहा. मागच्या गोलावर 26.4 + 7.2 = 33.6, निव्वळ 18.6. म्हणजे छोटं पुढे.

तुमच्या पद्धतीने चौकोनावर 39.5 येतात, निव्वळ 15.9 उरतात आणि निकाल उलटतो. खर्च मात्र एकदाच वजा करा. टोकाच्या आकड्यांतून आधीच काढला असेल तर पुन्हा नको.

आता 0.6 बदलून पाहा. साधारण 0.68 च्या वर गेलं की मोठं युनिट सरस ठरतं. फरक इतका जवळचा आहे, म्हणून मागणी कमी पडली तर मोठ्यात 20 लाखांचा तोटा झेपेल का, हेही तपासा. अपेक्षित मूल्यात, म्हणजे शक्यतांनुसार काढलेल्या या सरासरीत, तो दिसत नाही.