मदत हवी आहे: ऑफिस सुटल्यावर येणाऱ्या मेसेजसाठी नियम लिहायचेत, 'अर्जंट' कसं ठरवायचं?

साडेसहाची_गाडी

मंडळी, आमच्या टीमसाठी कामाच्या वेळेनंतरच्या मेसेजबद्दल दोन पानी नियमावली लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. चौदा जण आहोत, सगळे रिमोट, तीन टाइमझोनमध्ये, आणि दोन टोकांमध्ये साडेनऊ तासांचा फरक आहे म्हणजे एकाची सकाळ ती दुसऱ्याची झोपायची वेळ. मी पहिला मसुदा केला त्यात सरळ लिहिलं होतं की "सायंकाळी सातनंतर अत्यंत अर्जंट असेल तरच मेसेज करावा." तो दोन आठवडे वापरून पाहिला तर झालं असं की मेसेज तेवढेच येतात, फक्त आता प्रत्येकाच्या सुरुवातीला "अर्जंट" लिहिलेलं असतं! आमचा मॅनेजर माणूस वाईट नाही, रात्री अकराला लिहितो "घाई नाही, उद्या बघ", पण ते वाचलं की कुणीतरी उत्तर देतंच आणि एकाने दिलं की बाकीच्यांना गप्प बसवत नाही. तर अर्जंटची व्याख्या कशी लिहायची, ती कुणी ठरवायची, आणि मॅनेजरसाठी वेगळं काही लिहावं का? कुणी असे नियम प्रत्यक्षात चालवले असतील तर प्लीज सांगा.

बिनधास्त_बोल

एवढं काय डोकं खाजवायचं, ऑस्ट्रेलियात कायदाच झालाय २०२४ मध्ये, ऑफिस सुटल्यावर बॉसने मेसेज केला की दंड. फ्रान्समध्ये तर २०१७ पासून आहे. तेच कॉपी करा आणि लिहा, सातनंतर मेसेज बंद म्हणजे बंद. सर्व्हरवरूनच अडवून टाका.

पाळीवाला

बिनधास्त, थोडं चुकतंय तुमचं. ऑस्ट्रेलियाचा कायदा २६ ऑगस्ट २०२४ पासून आहे हे बरोबर, पण बॉसने मेसेज पाठवू नये असं तो म्हणत नाही. कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेबाहेर तो न वाचणं, उत्तर न देणं हा त्याचा हक्क आहे, नकार अवाजवी असेल तर सोडून, असं तो म्हणतो. आणि अवाजवी आहे का हे बघताना संपर्क कशासाठी केला, कसा केला म्हणजे किती त्रासदायक होता, वेळेबाहेर उपलब्ध राहण्याचे पैसे मिळतात का, माणसाची जबाबदारी किती, घरची परिस्थिती काय, हे सगळं धरतात. फ्रान्समध्ये पन्नास किंवा जास्त माणसांच्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधींशी बोलून हे ठरवायचं असं आहे, सातचा घंटा कुणी ठरवून दिलेला नाही. मालकानेच संपर्क टाळायचा असं उलट्या बाजूने लिहिलंय ते पोर्तुगालने, २०२१ च्या कायद्यात, आणि तिथेही अगदी अपरिहार्य प्रसंगाला सूट आहे.

आता मूळ प्रश्न. साडेसहा, तुमच्या मसुद्यात गोम अशी आहे की अर्जंट हा शब्द पाठवणाऱ्याच्या हातात ठेवलाय, आणि पाठवणाऱ्याला आपलं काम नेहमीच अर्जंट वाटतं, त्यात लबाडी नसते. आम्ही सपोर्टच्या टीमला काही वर्षं हे नियम चालवतोय, तिथे शब्द काढूनच टाकला आणि दोन प्रश्न ठेवले. समोरचा उद्या त्याच्या नेहमीच्या वेळेला कामावर बसेल तोपर्यंत थांबलं तर असं काय नुकसान होईल जे नंतर भरून निघणार नाही? आणि आत्ता उठवलं तर हाच माणूस ते थांबवू शकतो का? दोन्हींची उत्तरं एका वाक्यात लिहिता आली तर संपर्क करायचा, नाहीतर सकाळी.

उदाहरण घ्या. रात्री पावणेअकराला कळतं की पगाराची फाइल बँकेने परत पाठवली, बँकेची मुदत पहाटे सहाची, फाइल दुरुस्त करणारी बाई सकाळी दहाला बसते. नुकसान तिच्या दहाच्या आधी होतंय आणि ती ते थांबवू शकते, म्हणजे उठवा. आता दुसरं. त्याच वेळी क्लायंट कळवतो की रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत आणि उद्या दुपारी एकला त्यांची मीटिंग आहे. आवाज मोठा, क्लायंटही मोठा, सगळ्यांना घाम फुटतो, पण दुरुस्ती अर्ध्या-पाऊण तासाची आहे आणि माणूस दहाला बसतोय, म्हणजे तीन तास हातात आहेत. हे थांबू शकतं. क्लायंटला तेवढं "दहाला बघतो, बारापर्यंत मिळेल" असं कुणीतरी कळवायचं, आणि ते काम मॅनेजरचं. आमच्याकडे रात्रीच्या बहुतेक भानगडी या दुसऱ्या जातीच्या निघाल्या.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते हीच जास्त महत्त्वाची. निकड मजकुरात लिहू नका, ती मार्गावरून कळू दे. उठवायचं असेल तर फोन करायचा, थेट कॉल. चॅट आणि मेल कधीच अर्जंट नाही, त्यात काहीही लिहिलेलं असलं तरी. हे एकदा पक्कं झालं की माणूस चॅटची नोटिफिकेशन निवांत बंद करू शकतो, कारण खरंच आग लागली तर फोन वाजेल याची त्याला खात्री असते. आत्ता तुमचे लोक मेसेज का बघतात? त्या दहात एखादा खरा असेल या भीतीने. आणि फोन करताना माणसाला थोडा संकोच होतो, मेसेज टाकताना होत नाही, तो संकोच आपल्या कामाचा आहे.

रात्रपाखरू

मला हे सगळे नियम वाचून धडकीच भरते. मी स्वतः रात्री दहा ते एक काम करते कारण मुलं झोपलेली असतात आणि दुपारी मला त्यांना वेळ देता येतो, रिमोट काम मी त्यासाठीच घेतलं. आमच्याकडे अशीच पॉलिसी आली आणि मला एचआरकडून मेल की तुम्ही रात्री ऑनलाइन का दिसता. म्हणजे माझ्या भल्यासाठी माझंच स्वातंत्र्य काढून घेतलं! कृपया रात्री काम करायला बंदी घालू नका.

साडेसहाची_गाडी

अहो ताई, रात्री काम करायला बंदी नाहीच घालायची, दुसऱ्याचा फोन वाजू नये एवढंच. पण तुमचा मुद्दा मसुद्यात नव्हता हे खरं, मी सरळ "सायंकाळी सात" लिहून मोकळी झाले होते आणि तीन टाइमझोनमध्ये सात म्हणजे कुणाचे सात हाही प्रश्नच आहे.

पाळीवाला

म्हणूनच एक घड्याळ सगळ्यांना लावू नका. प्रत्येकाने आपल्या कॅलेंडरवर स्वतःची वेळ टाकायची, रात्रपाखरू ताईंची दहा ते एक असेल तर तीही, आणि नियम घेणाऱ्याच्या वेळेने चालतो. लिहा हवं तेव्हा, पोचू दे त्याच्या वेळेत. त्यासाठी शेड्यूल सेंड असतंच बऱ्याच मेल आणि चॅटमध्ये, फक्त समोरच्याची वेळ बघून लावायचं, नाहीतर तुमच्या सकाळी नऊला तिकडे मध्यरात्र असते.

यात एक खाच आहे. मॅनेजर रात्री सुचेल ते सगळं शेड्यूल करून ठेवतो आणि सकाळी साडेनऊच्या ठोक्याला बावीस मेसेज कोसळतात, माणूस आदल्या रात्री वाचला पण सकाळ गेली. त्यापेक्षा मॅनेजरने स्वतःच्या ड्राफ्टमध्ये यादी ठेवावी आणि सकाळी तीच एकदा चाळून एक मेसेज करावा, निम्म्या गोष्टी तोवर आपोआप सुटलेल्या असतात. आणि "घाई नाही" हे शब्द मॅनेजरला बंद करा. पगारवाढ ज्याच्या हातात आहे त्याने रात्री अकराला लिहिलेलं "घाई नाही" कुणी खरं मानत नाही. त्याच्यासाठी नियमात एक वाक्य वेगळं हवं, की वेळेबाहेर उत्तर देणाऱ्याचं कौतुक ग्रुपवर करायचं नाही. हसू नका, आमच्याकडे सगळ्यात जास्त फरक त्यानेच पडला.

तीन_माणसांची_कंपनी

हे चौदा जणांना ठीक आहे हो. आम्ही तिघे, क्लायंटच्या करारात चोवीस तास सपोर्ट लिहून दिलाय. मग फोन कुणाला करायचा? मलाच. दोन प्रश्न विचारा नाहीतर वीस विचारा.

मुद्द्याचं_बोला

चोवीस तास विकले असतील तर ते तास कुणाच्यातरी पदरात पडणारच, त्याला नियमावली काय करणार. ऑन-कॉलची पाळी लावा, आठवड्याला एकच माणूस, बाकीच्यांचे फोन खरंच बंद. आणि पाळीवर असण्याचे पैसे द्या, फोन वाजो न वाजो. किती वेळात उत्तर द्यायचं तेही लिहा, कारण पंधरा मिनिटांत लॅपटॉपसमोर बसायचं म्हटलं की माणूस भाजी आणायलासुद्धा जाऊ शकत नाही, मग ती सुट्टी कसली. बेल्जियममधल्या एका अग्निशमन दलाच्या माणसाची केस युरोपियन कोर्टात गेली होती, २०१८ चा निकाल, त्याला घरी थांबून आठ मिनिटांत हजर व्हायचं बंधन होतं, कोर्टाने तो वेळ कामाचाच धरला. तासाभराची मुदत असती तर कदाचित वेगळा विचार झाला असता. तुम्ही किती मिनिटं लिहिताय यावर बरंच काही ठरतं.

तीन_माणसांची_कंपनी

तिघांत पाळी म्हणजे महिन्यातला दर तिसरा आठवडा प्रत्येकाला. एक रजेवर गेला की एकाआड एक. पैसे देईन पण झोप कुठून देऊ.

पाळीवाला

रात्री उठवलं तर दुसऱ्या दिवशी उशिरा बसायची मुभा लेखी द्या, विचारावी लागू नये. युरोपात दोन कामाच्या दिवसांमध्ये सलग अकरा तास विश्रांती हा नियम आहे, तोच हिशेब आम्ही धरतो, रात्री दोनला फोन ठेवला तर दुपारी एकच्या आधी बसायचं नाही. तिघांना हे झेपेल का, मला शंका आहे. मी असतो तर करारातले चोवीस तास फक्त सिस्टिम पूर्ण बंद पडली तरच एवढ्यापुरते आणायचा प्रयत्न केला असता, पण क्लायंट ऐकेल का ते तुम्हालाच माहीत.

साडेसहाची_गाडी

खूप उपयोग झाला. "अर्जंट" शब्द काढला. आता मसुदा असा: "सहकाऱ्याच्या पुढच्या कामाच्या वेळेपर्यंत थांबल्यास भरून न निघणारं नुकसान होणार असेल आणि त्या आठवड्याच्या पाळीवरची व्यक्ती ते थांबवू शकत असेल, तर तिला फोन करावा. चॅट आणि मेलला कामाच्या वेळेबाहेर उत्तराची अपेक्षा नाही आणि न दिल्याचा विषय कामाच्या आढाव्यात येणार नाही." फोन कुणी, का केला हे एका ओळीत शीटमध्ये लिहायचं आणि महिन्याने सगळ्यांनी मिळून बघायचं की कुठला थांबू शकला असता.

मॅनेजरला दाखवलं, त्याला सगळं पटलं, फक्त पाळीच्या पैशांवर म्हणाला "वरती विचारतो". ते न ठरताच नियम लागू करावेत का थांबावं?

मुद्द्याचं_बोला

चॅटचा आणि मॅनेजरचा भाग उद्यापासून लागू करा, त्याला पैसे लागत नाहीत. पाळीचं पान मात्र रिकामं ठेवा. एकदा फुकट सुरू झाली की वरच्यांना विचारायची घाई कुणालाच राहत नाही.

पाळीवाला

मला नाही पटत. पाळी नसेल तर फोन कुणाला करायचा? परत सगळ्यांनाच, आणि मग चॅट बंद ठेवायची हिंमत कोण करणार. महिनाभर चालवा, पण तारीख घालून, आणि त्या शीटमध्ये फोनवर किती मिनिटं गेली तोही रकाना ठेवा. वरती विचारायला जाताना तोच कागद लागेल.