शब्दचर्चा: ‘सरासरीकडे परतणे’ म्हणजे नक्की कोण परततं?

फोर्टची भाषांतरकार: एका गुंतवणूकविषयक मासिकासाठी लेख मराठीत करते आहे. विषय ‘मीन रिव्हर्जन’, म्हणजे सरासरीपासून लांब गेलेला भाव पुन्हा तिच्याकडे येतो ही कल्पना. बॉलिंजर बँड म्हणजे भावाच्या सरासरीची मधली रेषा आणि तिच्या वर-खाली दोन प्रमाण विचलनांवर काढलेल्या दोन रेषा. आरएसआय म्हणजे चढउताराचा जोर ० ते १०० मध्ये मोजणारा ‘सापेक्ष बल निर्देशांक’. पद्धत अशी की भाव खालच्या बॉलिंजर बँडच्या खाली बंद झाला आणि आरएसआयही ३० च्या खाली गेला की खरेदी करायची, आणि भाव मधल्या रेषेला आला की विकून मोकळं व्हायचं. मी ‘सरासरीकडे परतणे’ लिहिलं. संपादकांना ‘माध्य-प्रत्यावर्तन’ हवंय, ते भारदस्त वाटतं म्हणे. दुसरा अडसर ‘ओव्हरसोल्ड’चा, आरएसआय ३० च्या खाली गेला की शेअरला तसं म्हणतात. पेपरात ‘अतिविक्री’ वाचलंय. तो चालेल का?

मंत्रालय निवृत्त: प्रत्यावर्तन आमच्या खात्यात चांगलं ओळखीचं. तात्पुरती बढती मिळालेल्याला मूळ पदावर परत पाठवायचे, ते प्रत्यावर्तन. आदेश निघाला की माणूस मुकाट्याने जुन्या टेबलावर. तुमच्या शेअरलाही असाच आदेश निघत असेल तर शब्द चपखल आहे.

दादरचे गणित सर: ‘माध्य’ नको. आमच्या शाळेच्या पुस्तकांत मध्य, मध्यक आणि बहुलक असे तीन वेगळे शब्द आहेत, मुलं आधीच गोंधळतात. इथे वीस दिवसांच्या बंद भावांची साधी सरासरी आहे, मग सरळ ‘सरासरी’ म्हणा. ‘परतावा’ मात्र चुकूनही वापरू नका, तो नफ्यासाठी बुक झालेला शब्द आहे.

मुलुंड फास्ट: यात एवढं काय अवघड आहे? मी गेली चार वर्षं हेच करतोय. शेअर पडला की आणखी घेतो, अॅव्हरेज खाली येतो, भाव माझ्या अॅव्हरेजला आला की निघतो. एका छोट्या कंपनीत मात्र अडकलोय. तीनदा अॅव्हरेज केला, मग रोज लोअर सर्किट, म्हणजे दिवसभरात पडायची मर्यादा गाठून भाव तिथेच थांबतो, विकायला बसलो तर समोर घेणारा नाही. पण परत येईल. सरासरीकडे परततोच ना भाव.

जुना जॉबर: मुलुंडवाले, तुमच्या खरेदीची सरासरी बाजाराला माहीत नाही हो. ती फक्त तुमच्या डिमॅट खात्यात आहे. इथे बाजारभावाची सरासरी चाललीय. तरी तुमची पोस्ट मला कामाची वाटली, कारण ‘सरासरी’ म्हटलं की मुंबईत निम्म्या लोकांना ‘अॅव्हरेज करणे’च आठवतं. ताई, लेखात हा फरक एका वाक्यात टाकाच.

आता ‘अतिविक्री’. मला हा शब्द खोटा वाटतो. आरएसआयच्या गणितात किती शेअर विकले गेले हे कुठेच येत नाही, उलाढाल त्यात नाहीच. वेल्स वाइल्डरने १९७८ मध्ये मांडलेलं गणित एवढंच विचारतं की गेल्या चौदा सत्रांत जी हालचाल झाली, तिच्यातली किती वर होती. चढांची बेरीज भागिले चढ अधिक उतार, गुणिले शंभर. ‘सापेक्ष’ शब्दानेही लोक फसतात. निफ्टीच्या तुलनेत वगैरे काही नाही, शेअरची तुलना त्याच्याच मागच्या दिवसांशी.

एक खरं उदाहरण घ्या. २८ फेब्रुवारी २०२०, शुक्रवार. निफ्टी ११,२०१ वर बंद झाला. तो दिवस धरून मागची चौदा सत्रं मोजली तर वर बंद झालेले दिवस तीनच, त्यांची बेरीज साधारण ३०३ अंक. पडलेले दिवस अकरा, त्यांची बेरीज १,२०० च्या आसपास. म्हणजे साध्या बेरजेने आरएसआय २०. वाइल्डर मागच्या सरासरीला तेरा वाटे वजन देतो, त्यामुळे त्याचा आकडा थोडा वर येतो, पण ३० च्या खालीच. आता या आकड्यात ‘अति’ काय आहे? एवढंच कळतं की उतार जोरात आहे. तो संपला की नुकता सुरू झाला, हे त्यात नाही. मी ‘जोराची उतरंड’ म्हणेन. कुणी छापणार नाही, ते माहीत आहे.

बोरिवलीचा कोडर: म्हणूनच तर सोबत बॉलिंजर बँड लावतात ना? दोन वेगवेगळ्या गोष्टींनी एकच सांगितलं की खात्री वाढते.

जुना जॉबर: वेगवेगळ्या नाहीत, तिथेच गोम आहे. दोन्ही त्याच बंद भावांतून निघतात. एकाच घरातले दोन साक्षीदार. त्या दिवशी वीस दिवसांची सरासरी सुमारे ११,९३४ होती, प्रमाण विचलन २४७, म्हणजे खालचा बँड ११,४४१ च्या जवळ. निफ्टी त्याच्याही २४० अंक खाली. दोघांनी एका सुरात ‘घ्या’ म्हटलं, कारण दोघांनी एकच घसरण पाहिली होती.

बोरिवलीचा कोडर: मान्य, पण बँडला नुसता स्पर्श झाला म्हणून कोण घेतं? नियम असा लावायचा की भाव बाहेर जाऊन परत बँडच्या आत बंद झाला तरच घ्यायचं. पडता सुरा हातात येत नाही मग.

जुना जॉबर: नियम चांगला आहे, मी स्वतः वापरतो. पण त्याच्या पुढच्याच आठवड्यावर लावून बघा. मंगळवारी, ३ मार्चला निफ्टी ११,३०३ वर बंद झाला. बँडच्या आत! तुमचा नियम म्हणतो घ्या. शुक्रवारपासून भाव वर आला फक्त शंभर अंक. तोवर खालचा बँडच दोनशे अंक खाली सरकून ११,२४१ वर गेला होता. शुक्रवारच्या बँडने मोजलं असतं तर निफ्टी अजून बाहेरच होता. भाव आत आला नाही, बँडने पसरून त्याला आत घेतलं.

म्हणूनच ताईंचा प्रश्न मला नुसता शब्दाचा वाटत नाही. ‘परतणे’ म्हणताना कर्ता कोण? पुढचं ऐका. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला. त्या दिवशी सरासरी १०,२९० होती. मग ९ एप्रिलला निफ्टी ९,१११ वर बंद झाला, त्या दिवसाची सरासरी ८,७२७. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच तो मधल्या रेषेच्या वर बंद झाला होता. झालं की सरासरीकडे परतणं! पुस्तकी पद्धतीने विकलात. घेतला ११,२०१ ला, विकला ९,१११ ला, साडेअठरा टक्क्यांच्या वर तोटा. भाव सरासरीकडे आला नाही, सरासरीच तीन हजार अंक उतरून भावाला भेटायला गेली. ११,२०१ च्या वर बंद व्हायला जुलै उजाडला.

दादरचे गणित सर: वा! हे वर्गात सांगतो. सरासरी ही खुंटी नाही, तीही त्याच आकड्यांची बनलेली आहे. वीस दिवसांनी जुने मोठे आकडे गळून पडले की ती खाली येणारच.

फोर्टची भाषांतरकार: मग ‘भाव आणि सरासरी पुन्हा भेटणे’ असं काही? लेखात ‘ही पद्धत केव्हा चालत नाही’ असा परिच्छेद आहे, त्यात फक्त ‘तीव्र कलाच्या बाजारात’ एवढंच लिहिलंय. कल आहे हे आधी ओळखायचं कसं?

जुना जॉबर: खात्रीने नाही ओळखता येत. पण दोन खुणा त्याच पडद्यावर असतात आणि लोक बघत नाहीत, कारण नजर खालच्या बँडवर खिळलेली असते. वरचा बँड बघा. २८ फेब्रुवारीला तो १२,४२७ च्या आसपास होता, ३ मार्चला १२,५३४. भाव पडतोय आणि वरचा बँड वर चाललाय. म्हणजे तोंड उघडतंय, चढउतार वाढतोय. अशा वेळी बँडबाहेर बंद होणं हे अंत नसून बहुधा सुरुवात असते. ज्या बाजारात ही पद्धत चालते तिथे दोन्ही बँड जवळपास आडवे असतात आणि मधली रेषाही आडवी. भाव चर्चगेट-विरार करत राहतो. दुसरी खूण म्हणजे मधल्या रेषेचा उतार. ती दहा दिवसांपूर्वीच्या जागेपेक्षा ठळक खाली असेल तर तुमचं लक्ष्यच पळतंय.

आणि मुळात परत येण्याचं कारण काय, हे विचारा. एखाद्या फंडाला पैसे हवे होते म्हणून त्याने मोठा लॉट बाजारात ओतला, कंपनीचं काही बिघडलेलं नाही. त्याचं विकून संपलं की भाव सावरतो. यात परतण्याला कारण आहे. पण कंपनीचं किंवा जगाचंच गणित बदललं असेल तर जुनी सरासरी हा जुना पत्ता. तिथे आता कोणी राहत नाही.

मुलुंड फास्ट: म्हणजे माझ्या छोट्या कंपनीचं?

जुना जॉबर: रोज लोअर सर्किट लागतंय याचा अर्थ विकणाऱ्यांचं अजून संपलेलं नाही. त्यापुढचं मी इथे बसून सांगू शकत नाही. चौथ्यांदा अॅव्हरेज करू नका, एवढं नक्की सांगेन.

बोरिवलीचा कोडर: पण तुम्ही २०२० चं टोकाचं उदाहरण घेतलंत. असं रोज होत नाही. मी निफ्टीतल्या शेअरांवर जुना डेटा चालवलाय, दहापैकी सातआठ सौदे नफ्यात निघतात.

जुना जॉबर: निघतातच, म्हणून तर माणूस भुलतो. प्रत्येक यशस्वी सौद्यात दोन टक्के मिळाले असं धरा. वरच्या एका सौद्याने नऊ सौद्यांची कमाई गिळली. तुमच्या दहात सात-आठच आहेत. तोटा किती वेळा होतो यापेक्षा केवढा होतो ते मोजा. मी तरी दिवसांची मुदत लावतो. दहा सत्रांत मधली रेषा नाही भेटली तर बाहेर, तोटा असला तरी. ३ मार्चला ११,३०३ वर घेतलं असतं तर १८ मार्चला, ८,४६८ वर बाहेर. म्हणजे मुदतीनेही वाचवलं नसतं, सोबत भावाचा स्टॉप, म्हणजे ठरल्या भावाखाली गेला की विकायचं, तो हवाच होता.

बोरिवलीचा कोडर: स्टॉप लावला की माझ्या डेटात निकाल बिघडतो. नेमका तळाला बाहेर काढतो आणि मग भाव वर.

जुना जॉबर: हो, बिघडतो. यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी स्टॉप लांब ठेवतो आणि सौदा लहान घेतो. तुमचा डेटा आज यादीत असलेल्या पन्नास शेअरांचा असेल तर आधी ते तपासा. जे पडून यादीबाहेर गेले ते त्यात नाहीत, म्हणजे जे परतले तेच तुम्ही मोजलेत.

बोरिवलीचा कोडर: …आजचीच यादी आहे. रात्री पुन्हा चालवतो.

फोर्टची भाषांतरकार: तर मी ‘सरासरीशी पुन्हा गाठ’ लिहितेय, आणि कोण कोणाकडे गेलं ते वाक्यात सांगतेय. ‘ओव्हरसोल्ड’ देवनागरीत तसाच ठेवते, ‘अतिविक्री’ नाही.

दादरचे गणित सर: ‘गाठ’ नको हो, वाचणाऱ्याला वाटेल भाव सरासरीला बांधलाय.

मंत्रालय निवृत्त: आणि प्रत्यावर्तनाचं काय ठरलं? आमच्याकडे तरी टेबल जागच्या जागी असायचं.